रॉकेट कक्षेत कसं जातं: उंची थोडी, आडवा वेग फार

५ मे १९६१ रोजी अ‍ॅलन शेपर्ड फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून १८७ किलोमीटर उंच गेले आणि पंधराएक मिनिटांत अटलांटिक महासागरात उतरले. त्याच्या तेवीस दिवस आधी युरी गागारिन पृथ्वीभोवती फेरी मारून आले होते. आता गंमत पाहा. गागारिन यांच्या कक्षेचा सर्वांत खालचा भाग १८० किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे शेपर्ड ज्या उंचीवर पोचले त्याच्या थोडा खालीच. तरी एक जण फेरी मारतो आणि दुसरा खाली येतो. दोघांत फरक होता तो वेगाचा. शेपर्ड यांच्या रॉकेटने त्यांना सेकंदाला सुमारे २.३ किलोमीटर वेग दिला होता, तर गागारिन यांच्या रॉकेटने सुमारे ७.८.

हा फरक नुसता वाचून सोडून देण्यापेक्षा एकदा स्वतः मांडून पाहिला, तर रॉकेटचं प्रत्येक उड्डाण वेगळ्या नजरेने दिसायला लागतं. साधा कॅल्क्युलेटर हाताशी असला की पुरे. वर्गमूळ काढता आलं पाहिजे, एवढीच अट.

आधी वर जाऊन थांबून पाहा

समजा, एखाद्या अतिउंच शिडीने तुम्ही ४०० किलोमीटर वर गेलात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण याच उंचीवरून फिरतं. तिथे हातातला दगड सोडला तर काय होईल? पुष्कळ जण म्हणतात, तरंगेल. तो सरळ खाली पडेल.

गुरुत्वाकर्षण मोजताना अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून धरायचं असतं. जमिनीवर ते सरासरी ६,३७१ किलोमीटर आहे, ४०० किलोमीटर वर ६,७७१. म्हणजे आपण केंद्रापासून जेमतेम सहा टक्के लांब गेलो. तिथे गुरुत्वीय त्वरण सेकंदाला ८.७ मीटर प्रतिसेकंद भरतं, जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के. शिडीवरून सोडलेला दगड पाच मिनिटांच्या आत जमिनीशी पोचेल. वाटेतल्या हवेचा अडथळा यात धरलेला नाही.

मग स्थानकातले अंतराळवीर तरंगतात कसे? तेही पडतच असतात आणि त्यांच्यासोबत त्यांचं यानही पडत असतं. फक्त पडता पडता ते इतक्या वेगाने आडवे जातात की जमीन त्यांच्याखालून वळून निघून जाते. किती वेगाने जावं लागतं, ते आता काढू.

पडणं आणि वळणं यांची बरोबरी

४०० किलोमीटर उंचीवर सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.३५ मीटर पडते. त्याच सेकंदात ती आडवी इतकी दूर गेली पाहिजे, की तेवढ्या अंतरात वर्तुळाकार कक्षाही सरळ रेषेपासून ४.३५ मीटरच खाली वळलेली असेल. तसं झालं तर वस्तू पडली खरी, पण जमिनीपासूनचं तिचं अंतर होतं तेवढंच राहिलं.

वर्तुळ सरळ रेषेपासून किती खाली वळतं, याचा सोपा हिशोब असा: कापलेल्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्याला त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. ६,७७१ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर ७.६७ किलोमीटर गेलं की उत्तर ४.३५ मीटर येतं. म्हणजे हवा असलेला वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर. तासाच्या हिशोबाने २७,६०० किलोमीटर.

हेच दर वेळी नव्याने मांडायला नको म्हणून सूत्र आहे. त्यात `r` म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर किलोमीटरमध्ये, आणि `v` चं उत्तर किलोमीटर प्रतिसेकंद येतं. ३,९८,६०० हा आकडा पृथ्वीच्या वस्तुमानातून आलेला आहे, तो बदलत नाही.

```
v = √(398600 / r)
```

या सूत्रात उपग्रहाचं वजन कुठेच नाही. एक किलोचा उपग्रह असो की चारशे टनांचं स्थानक, त्या उंचीवर दोघांना वेग तोच लागतो.

एक प्रश्न इथे हमखास येतो. वेगच हवा असेल तर जमिनीलगतच सेकंदाला ७.९ किलोमीटर वेग घेऊन का फिरू नये? गणिताची काहीच हरकत नाही, हरकत हवेची आहे. त्या वेगाने दाट हवेत शिरलेली वस्तू तापून विरघळेल. आणि तेवढ्याच कारणासाठी रॉकेट वर जातं. खालच्या कक्षांपुरतं बोलायचं तर उंचीचा उपयोग हवेतून बाहेर पडायचा, इतकाच.

खर्चाचा हिशोब

आता एक किलो वस्तू घेऊ आणि उंचीचा व वेगाचा खर्च वेगवेगळा मांडू. ती ४०० किलोमीटर वर नेऊन क्षणभर थांबवायला सुमारे ३.७ मेगाजूल ऊर्जा लागते. तिथे तिला ७.६७ किलोमीटर प्रतिसेकंद वेग द्यायला २९.४ मेगाजूल. एकूण ३३ पैकी उंचीच्या वाट्याला फक्त अकरा टक्के येतात.

रॉकेटच्या इंधनात हा फरक याहून जास्त टोचतो, कारण वेग वाढवायचा म्हणजे पुढे लागणारं इंधनही सोबत वाहून न्यायचं. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं इंजिन आपला वायू सरासरी ३.१ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने मागे फेकतं असं धरू. नुसतं ४०० किलोमीटर उंच जाऊन परत पडायचं असेल, तर वाटेतली तूट धरून साधारण ३.७ किलोमीटर प्रतिसेकंदाची तजवीज लागते. तेवढ्यासाठी उड्डाणाच्या वेळच्या वजनात सुमारे ७० टक्के इंधन आणि ऑक्सिजन असावा लागतो. कक्षेत राहायचं असेल तर तजवीज ९.४ च्या आसपास जाते आणि वजनातला इंधनाचा वाटा ९५ टक्क्यांवर. उरलेल्या पाच टक्क्यांत टाक्या, इंजिनं, नळ्या आणि मग उपग्रह. एकाच सांगाड्यात हे जमवणं इतकं अवघड आहे, की रिकाम्या टाक्या वाटेत टाकून देण्याशिवाय गत्यंतर नसतं. रॉकेटला टप्पे असतात ते यासाठी.

७.६७ लागत असताना ९.४ ची तजवीज का? उंची गाठायलाही वेग खर्ची पडतो, हवा थोडा खाते, आणि सर्वांत मोठा वाटा गुरुत्वाकर्षणाचा. रॉकेट सरळ उभं असताना दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद वेग नुसता स्वतःला तोलून धरण्यात जातो. उभ्यानेच शंभर सेकंद काढले तर जवळपास एक किलोमीटर प्रतिसेकंद पाण्यात. त्यामुळे रॉकेटला आडवं व्हायची घाई असते, आणि हवेमुळे ती घाई आवरावीही लागते. सगळं उड्डाण या ओढाताणीतून आखलेलं असतं.

एक उड्डाण, सेकंदाच्या हिशोबाने

१६ जुलै १९६९ चं अपोलो ११ घेऊ. सॅटर्न ५ रॉकेटचे आकडे नीट नोंदलेले आहेत आणि या विषयासाठी त्याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

निघताना रॉकेटचं वजन सुमारे २,९०० टन होतं आणि पाच इंजिनांचा जोर त्यापेक्षा थोडासाच जास्त. जोराचे सहा भाग धरले तर पाच भाग वजन पेलण्यातच जात होते. त्यामुळे शेजारच्या प्रक्षेपण-मनोऱ्याची उंची ओलांडायलाच बारा-तेरा सेकंद लागले. मात्र उभं असतानाच रॉकेटजवळ सेकंदाला ४०८ मीटर आडवा वेग होता, पूर्वेच्या दिशेने. तो पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून फुकट मिळतो. विषुववृत्तावर तो ४६५ मीटर असतो. खाली दिलेले सगळे वेग ही भर धरूनच आहेत.

मनोरा पार झाला की रॉकेट पूर्वेकडे किंचित कलायला लागतं. या टप्प्यावर कल थोडाच लागतो, कारण पुढचं बरंचसं काम गुरुत्वाकर्षणच करतं. कललेल्या रॉकेटचा वेग तिरपा असतो, गुरुत्वाकर्षण त्या वेगाची दिशा हळूहळू खाली ओढतं, आणि रॉकेट आपलं नाक त्या बदलत्या दिशेतच ठेवतं. असं केल्याने हवा नेहमी समोरून येते, कुशीवर आपटत नाही. कुशीवर आपटली तर एवढा लांब, पातळ पत्र्याचा सांगाडा मोडायला वेळ लागणार नाही. याला गुरुत्व-वळण म्हणतात. साधारण ८३ व्या सेकंदाला, १३-१४ किलोमीटर उंचीवर, समोरून आदळणाऱ्या हवेचा रेटा सर्वाधिक झाला. त्यानंतर हवा विरळ होत गेली आणि कल वाढवायला मोकळीक मिळाली.

दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांनी पहिला टप्पा संपला. दोन हजार टनांहून जास्त इंधन आणि ऑक्सिजन जळून गेला होता. उंची ६६ किलोमीटर, वेग २.७६ किलोमीटर प्रतिसेकंद.

दुसरा टप्पा साडेसहा मिनिटांच्या आसपास चालला. तो थांबला तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं आठ सेकंद झाले होते. उंची १८७ किलोमीटर, वेग ६.९२.

मग तिसरा टप्पा अडीच मिनिटं चालून थांबला, अकरा मिनिटं एकोणचाळीस सेकंदांनी. उंची १९१ किलोमीटर, वेग ७.७९.

शेवटचे दोन आकडे पुन्हा शेजारी ठेवून पाहा. तिसऱ्या टप्प्याने अडीच मिनिटांत उंचीत फक्त चार किलोमीटरची भर घातली आणि वेगात सेकंदाला ८७५ मीटरची. तो जवळपास पूर्ण आडवा होऊन धावत होता. १९० किलोमीटरसाठी वरचं सूत्र वापरलंत तर उत्तर ७.७९ च येईल.

इथे कुणी म्हणेल, आडवं झाल्यावर रॉकेट खाली का येत नाही? वेगच त्याला सावरायला लागतो म्हणून. १८७ किलोमीटरवर गुरुत्वीय त्वरण सेकंदाला ९.२७ मीटर प्रतिसेकंद होतं. पण ६.९२ वेगाने जाताना त्यातलं ७.२९ मार्ग वळवण्यातच खर्ची पडतं. शिल्लक राहतं जेमतेम दोन. म्हणजे इंजिनाला वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढाच आधार वरच्या दिशेने द्यायचा, बाकी सगळा जोर पुढे. जसजसा वेग वाढतो तसतसा हा आधारही कमी लागतो, आणि ७.७९ ला तो शून्य होतो. त्या क्षणी इंजिन बंद करायचं.

आणि दुसऱ्या टप्प्यानंतर तिसरा पेटलाच नसता तर? उंची ९८ टक्के मिळालेली होती, वेग ८९ टक्के. त्या अवस्थेतून यानाचा पुढचा मार्ग काढला, तर त्या लंबवर्तुळाचा खालचा बिंदू जमिनीच्या २,१०० किलोमीटर खाली येतो. अर्थात यान तिथवर जात नाही, आधी समुद्र आडवा येतो.

थोडक्यात हुकलं तर

कक्षेच्या सर्वांत खालच्या बिंदूला पेरिजी म्हणतात आणि सर्वांत वरच्या बिंदूला अ‍ॅपोजी. रॉकेट चुकलं की नाही हे ओळखायचं तर पेरिजीकडे बघायचं.

पुन्हा ४०० किलोमीटरवर येऊ. यान अगदी आडवं चाललं आहे, पण वेग ७.६७ ऐवजी ७.५७ च मिळाला. तूट फक्त शंभर मीटर प्रतिसेकंदाची, सव्वा टक्क्याच्या आसपास. इंजिन बंद झालं त्या क्षणी काहीच बिघडलेलं दिसणार नाही. यान ४०० किलोमीटरवरच आहे, वेगही जबरदस्त आहे. चूक उघडी पडते पाऊण तासाने, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. तिथे ते ५८ किलोमीटरपर्यंत उतरलेलं असतं, आणि एवढ्या खालची हवा त्याला परत वर येऊ देत नाही.

यातून एक ढोबळ नियम मिळतो: या उंचीवर सेकंदाला एक मीटर वेग कमी पडला, तर पलीकडची बाजू सुमारे ३.४ किलोमीटर खाली जाते. तूट पन्नास मीटरची असेल तर पेरिजी २२५ च्या आसपास राहते आणि यान काही काळ टिकतं. उरलेल्या इंधनातून त्याला सावरताही येतं. शंभरला मात्र खेळ संपतो.

दिशेची चूकही अशीच महाग पडते. वेग बरोबर ७.६७, पण तोंड क्षितिजाच्या एक अंश वर किंवा खाली राहिलं, तर पेरिजी ४०० वरून २८० किलोमीटरच्या आसपास येते. तीन अंश चुकले तर थेट ४६. नाक वर राहिलं तरी नुकसान तितकंच, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. वर फेकलेलं यान अलीकडे जितकं जास्त चढतं, तितकं पलीकडे खाली येतं.

याचा अस्सल दाखला म्हणजे ७ ऑगस्ट २०२२ चं इस्रोच्या एसएसएलव्ही रॉकेटचं पहिलं उड्डाण. ३५६ किलोमीटरची वर्तुळाकार कक्षा ठरली होती. उपग्रह पोचले ते ३५६ गुणिले ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळात. म्हणजे वरचं टोक नेमकं ठरल्या उंचीवर, आणि खालचं टोक हवेत. या दोन आकड्यांवरून उलट हिशोब केला तर वरच्या टोकाशी वर्तुळासाठी लागणाऱ्या वेगापेक्षा सेकंदाला सुमारे ८० मीटर कमी भरतात. पावणेआठ हजारांत ऐंशी! उपग्रह वापरण्यायोग्य राहिले नाहीत. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्यांमुळे त्वरणमापकांची नोंद बिघडली, सॉफ्टवेअरने सेन्सर निकामी समजून राखीव पद्धत स्वीकारली, आणि शेवटचा वेग नेमका जुळवून देणारा छोटा द्रव-इंधन टप्पा कामाला आलाच नाही. उंची गाठून देणारे मोठे टप्पे आपलं काम करून मोकळे झाले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच रॉकेटचं दुसरं उड्डाण यशस्वी झालं.

हे विधान कुठवर खरं

वेग महत्त्वाचा, उंची किरकोळ, हे खालच्या कक्षांपुरतंच आहे. जसजसं वर जावं तसा कक्षेतला वेग कमी लागतो आणि उंचीचा खर्च वाढतो. पृथ्वीच्या त्रिज्येच्या निम्म्याएवढ्या उंचीवर, म्हणजे साधारण ३,१८५ किलोमीटरवर, दोन्ही खर्च समान होतात. त्यापुढे पारडं फिरतं. दळणवळणाचे अनेक उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथे वेग ३.०७ च लागतो आणि ऊर्जेचा मोठा भाग चढण्यात जातो, एका किलोमागे ५३ मेगाजूल. वेगाचे तिथे पाचसुद्धा भरत नाहीत.

पण ही चढाईही नाक वर करून होत नाही. खालच्या कक्षेत फिरता फिरता इंजिन आडवंच चालवतात. वेग वाढला की पलीकडची बाजू वर उचलली जाते. मग त्या टोकाला पोचून पुन्हा आडवाच जोर लावायचा, की राहिलेली बाजूही उचलली जाते.

थेट प्रक्षेपण पाहताना

पडद्याच्या कोपऱ्यात बहुधा उंची आणि वेग असे दोन आकडे धावत असतात. पहिली दोन-तीन मिनिटं दोन्ही वाढतात. त्यानंतर उंचीचा आकडा मंदावतो, कधी थबकतो, आणि काही उड्डाणांत चक्क थोडा कमीही होतो. त्याने दचकू नये. वरच्या टप्प्याचा जोर कमी असेल तर रॉकेट मुद्दाम जरा जास्त वर फेकलेलं असतं, म्हणजे घसरता घसरता वेग घ्यायला वेळ मिळतो. काळजी करायची ती उंची घटत असताना वेगही वाढायचा थांबला तर. इंजिन मधेच बंद पडल्याची ती खूण.

वेग वाचताना तो कशाच्या तुलनेत दाखवला आहे हे ओळखावं लागतं. काही ठिकाणी तो फिरत्या जमिनीच्या तुलनेत असतो. प्रक्षेपकावर उभ्या रॉकेटचा वेग शून्य दिसत असेल तर तो असाच समजावा, आणि पूर्वेकडच्या उड्डाणात शेवटी त्यात सेकंदाला चारएकशे मीटर मिळवावेत. नाहीतर सूत्राचं उत्तर आणि पडद्यावरचा आकडा यांत फरक दिसून उड्डाण फसलं असं वाटेल. शेवटचं इंजिन बंद झालं की ती उंची लिहून घ्या, त्यात ६,३७१ मिळवून वरच्या सूत्राने लागणारा वेग काढा, आणि मिळालेल्या वेगाशी ताडून पाहा. फरक वजा निघाला तर दर मीटरमागे ३.४ किलोमीटर उंचीतून कमी करा. उत्तर १५०च्या खाली जात असेल आणि निवेदक अजून काहीच बोलत नसेल, तर आधी हे पाहा की आणखी एक ज्वलन ठरलेलं आहे का. बऱ्याच मोहिमांत पहिल्या थांब्याला कक्षा मुद्दाम अर्धवट ठेवतात आणि पलीकडच्या बाजूला इंजिन पुन्हा पेटवून ती गोल करतात.